तिसऱ्या मसुद्यातला मेंढपाळ

प्रश्न: शोकांतिकेवरच्या निबंधाचे तीन मसुदे द्यायचे आहेत आणि सोबत ‘माझं वाचन कसं बदललं’ ही डायरीतली नोंद. ‘आधी कळलं नव्हतं, मग कळलं’ यापुढे त्यात काय लिहायचं असतं? कुणी लिहिली असेल तर सांगा.

उत्तर:

मी लिहिलीये, आणि पहिली नोंद परतही आलीये. तिच्या शेवटी ‘या निमित्ताने मी खूप काही शिकले’ असं वाक्य होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘कुठल्या ओळीमुळे?’ तुम्हाला हवं ते उत्तर बहुतेक तेवढंच आहे, पण मला ते हाती काम असल्याशिवाय कळलं नाही, म्हणून माझंच उदाहरण देते.

नाटक होतं सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’. थीब्ज नगरात रोगराई पसरलीये. आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शोधून काढा असा डेल्फीच्या अपोलो देवाचा कौल येतो. आताचा राजा ईडिपस शोधायला निघतो आणि स्वतःपाशी येऊन थांबतो: नकळत मारलेला लायस त्याचा बाप, आणि लायसच्या ज्या विधवेशी त्याने लग्न केलं ती आई. प्रेक्षकांना गोष्ट आधीच ठाऊक असायची हे सर वर्गात समजावून सांगत होते, तेव्हा आम्ही पेडण्याकडची मुलं हसत होतो. दशावतारी काल्याला कोण मरणार हे न कळून कुणी रात्रभर बसतं का?

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की ईडिपस गर्विष्ठ आहे म्हणून बुडाला. पुरावेही होते. तो आंधळ्या द्रष्ट्यावर, टायरेसिअसवर भडकतो, मेहुण्यावर, क्रिऑनवर, कटाचा आळ घेतो. शिवाय ॲरिस्टॉटलच्या ‘हमार्तिया’चा अर्थ गाइडमध्ये ‘नायकाच्या स्वभावातला दोष’ असा दिला होता. मसुदा छान जमला, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता. डायरीत १० दिवसांनी लिहिलेलं आहे: ‘भडकला म्हणून नक्की काय झालं?’ काहीच नाही. खून आणि लग्न दोन्ही पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी झालेली आहेत. टायरेसिअसशी तो गोड बोलला असता तरी त्यातलं काही पुसलं जाणार नव्हतं. मग कळलं की हमार्तिया ज्या क्रियापदावरून आलाय ते भाला किंवा बाण नेमावर न लागणं यासाठीही वापरत. म्हणजे दोषापेक्षा ‘चूक’ जवळची, नेम चुकतो त्यातली. दुर्गुणामुळे नव्हे तर हमार्तियामुळे पडणारा माणूस, असं ॲरिस्टॉटल स्वतःच म्हणतो. मी गाइड वाचलं होतं, त्याला नव्हतं वाचलं.

दुसरा मसुदा मग साहजिकच दुसऱ्या टोकाला गेला: सगळं दैवाचं, ईडिपस बाहुली. याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो मसुदा मलाच कंटाळवाणा झाला होता. सगळं आधीच ठरलेलं असेल तर मधली पानं वाचायची कशाला, याला त्यात उत्तर नव्हतं.

ते उत्तर मामाकडून आलं, न मागता. मामा म्हापशाच्या कोर्टात टायपिस्ट होता, आयुष्यभर साक्षी टाइप केल्या. गणपतीला घरी आला होता. सोप्यावर बसून मी त्याला गोष्ट सांगत होते. लायस धरून एकूण पाच माणसं आणि एकच रथ होता. त्यातला एक नोकर जिवंत परतला आणि म्हणाला, दरोडेखोरांनी मारलं, एकट्याने नव्हे, पुष्कळांनी. पुढे ईडिपसला जेव्हा धास्ती वाटू लागते, तेव्हा तो याच साक्षीवर सगळी आशा टांगतो: नोकर अजूनही ‘अनेक’ म्हणाला तर मी सुटलो, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. म्हणून त्याला रानातून बोलावून घेतात. इथवर ऐकून मामाने विचारलं, तो आला का? म्हटलं, आला. किती जण होते म्हणाला? मी पुस्तक उघडलं. पानं उलटली, परत उलटली. मामा म्हणाला, “आनी मागीर ताका तें विचारलेंच ना?”

नाही विचारलं. ज्या एका प्रश्नासाठी साक्षीदार बोलावला, तो प्रश्न त्याला शेवटपर्यंत कुणी विचारतच नाही. मध्ये कॉरिंथहून एक दूत आलेला असतो. तिथला राजा वारला, आता तू राजा, ही आनंदाची बातमी घेऊन. बोलता बोलता तो सांगून बसतो की तू त्या राजाचा मुलगाच नव्हेस, एका मेंढपाळाने तुला माझ्या हातात दिलं होतं. तो मेंढपाळ म्हणजे हाच वाचलेला नोकर. तो समोर येईपर्यंत ईडिपसचा प्रश्नच बदललेला असतो. ‘लायसला कोणी मारलं’ मागे पडतं आणि ‘मी कोणाचा’ एवढंच उरतं.

त्या रात्री मी सगळी एकवचनं-अनेकवचनं पेन्सिलीने अधोरेखित केली. सुरुवातीलाच क्रिऑन ‘दरोडेखोरांनी’ म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ईडिपस एकवचनात बोलतो: इथून कुणी पैसे चारल्याशिवाय दरोडेखोर एवढं धाडस कसं करील? माझ्या मराठी अनुवादात ‘करतील’ होतं, इंग्रजीत एकवचन सापडलं. आपल्या भाषेत हे निसटणं फार सोपं आहे. एक दरोडेखोर, दहा दरोडेखोर, नाम हलतच नाही, सगळा भार क्रियापदावर. तिथे अनुवादकाने चूक ‘दुरुस्त’ केली की गेलं.

इथे मी घसरलेही, तेही नोंदीत आहे. तिसऱ्या मसुद्याच्या पहिल्या खर्ड्यात मी जोशात लिहिलं की खून सिद्धच होत नाही, ईडिपस निर्दोष! सर म्हणाले, हा फौजदारी खटला नव्हे. त्यांचं बरोबर होतं. तीन रस्ते मिळतात तिथे एका रथातल्या म्हाताऱ्याला आपण मारलं हे ईडिपस स्वतःच सांगतो, आणि पुढे नाटकातलं एकही पात्र शंका घेत नाही. न विचारलेला प्रश्न त्याला सोडवत नाही. पण त्याचं लक्ष कुठे आहे ते दाखवतो. सुटकेची फट समोर असताना त्याला तिची आठवणही राहत नाही, कारण त्याला आता सुटायचं नाही, जाणून घ्यायचंय. मेंढपाळ सांगतो की आता बोललो तर भयंकर बोलावं लागेल. ईडिपस म्हणतो, मलाही भयंकरच ऐकावं लागेल, तरी ऐकायचंय. हे वाक्य तिन्ही मसुद्यांत मी उद्धृत केलंय. पहिल्यात हट्ट म्हणून, दुसऱ्यात दैवाची ओढ म्हणून, तिसऱ्यात निवड म्हणून. माझ्या नोंदीचा अर्धा भाग या एका वाक्याबद्दलच आहे, आणि मॅडमना तोच आवडला.

तर तुम्ही असंच एक वाक्य शोधा, जे तिन्ही मसुद्यांत आहे पण दर वेळी वेगळ्या कामाला लावलंय. जुने मसुदे पुसून त्याच फाइलवर लिहू नका, नाहीतर ते सापडणारच नाही. तारखा टाका. आणि मागचा मसुदा पूर्ण चूक होता असं लिहायची घाई नको. शेवटी डोळे फोडून घेतल्यावर ईडिपस म्हणतो की हे भोग अपोलोने आणले, पण वार करणारा हात माझाच. म्हणजे माझ्या दुसऱ्या मसुद्यातलं दैव तिसऱ्यातही जागेवरच होतं. मला फक्त त्याच्याशेजारी हाताला जागा करून द्यावी लागली.

मामाला यातलं काही पटलेलं नाही. त्याचं अजून म्हणणं आहे की उलटतपासणी अर्धवट राहिली.