माहेरचं न्हाणीघर आणि सातवा महिना

प्रश्न: सहावा संपत आलाय. पुढच्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी जाणार, साताऱ्याजवळ. तिथलं न्हाणीघर जुनं आहे. शहाबादी फरशी, बादली-तांब्या, आतच गॅस गीझर, शेजारी भारतीय संडास. फोडाफोडी करायची नाही. आई म्हणते कडकडीत पाण्याने अंघोळ कर, थकवा जातो. काय काय बदलून घेऊ?

उत्तर:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायकांचे व्यायामवर्ग घेते. खर्चाचं म्हणशील तर एक उंच स्टूल, एक जड रबरी मॅट आणि संडासावर ठेवायची खुर्ची, एवढंच घ्यावं लागेल. बाकी सगळं जागा बदलण्याचं काम आहे.

आधी स्टुलाचं सांगते. बहुतेक घरांत अंघोळीला जे बुटकं प्लास्टिकचं स्टूल असतं ते साधारण १० इंचांचं. त्यावर बसताना काही वाटत नाही, उठताना कळतं. गुडघे कंबरेच्या वर गेलेले असतात, पोट मांड्यांवर टेकतं, मग वजन पुढे न्यायला जागाच उरत नाही. बाई हात शोधते आणि हाताला लागतो तो नळ, नाहीतर टॉवेलचा दांडा. दोन्ही अंगाचं वजन पेलायला बसवलेले नसतात. घसरण्याचे प्रकार मी ऐकलेत ते बरेचसे या उठण्याच्या क्षणाचे आहेत, चालतानाचे कमी.

म्हणून माप घे. घरातल्या खुर्चीवर पाय सपाट टेकवून बस आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत किती इंच भरतात ते आईला मोजायला सांग. पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या बाईचं ते साधारण १५ ते १६ भरतं. स्टूल तेवढंच किंवा त्याहून इंचभर उंच हवं. पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, खाली रबरी बूट आणि बसायची जागा ऐसपैस असं बघून घे. पातळ प्लास्टिकचं घेऊ नकोस, ते ओल्या फरशीवर पाय पसरून बसतं. दुकानातच त्यावर बसून थोडं डावी-उजवीकडे हलून बघ. कुरकुरलं तर पुढचं.

आता तू उंच बसलीस आणि बादली खालीच राहिली तर काम अर्धंच झालं. बादली साधारण फूटभर उंच असते. सुरुवातीला पाणी काठोकाठ असतं म्हणून फारसं वाकावं लागत नाही, पण अंघोळ संपत येते तसा तांब्या तळाशी जातो आणि शेवटचे चार तांबे घ्यायला तू पोट दाबून वाकतेस. तेच जुनं बुटकं स्टूल आता बादलीखाली घाल. बादलीचा तळ १० इंचांवर येईल, काठ २२ वर, म्हणजे तुझ्या मांडीच्या थोडा वर. शेवटचा तांब्यासुद्धा ताठ बसून घेता येतो. बुटकं स्टूल रुंद हवं आणि बादलीचा तळ त्याच्या बाहेर येता कामा नये, कारण १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो. भरलेली बादली तू उचलायची नाहीस, सरकवायचीही नाहीस. रिकामी बादली स्टुलावर ठेवून नळाला पाइप लावून भर. पाइप नसेल तर आई दोन-तीन खेपांत पातेल्याने ओतेल.

साबण, शाम्पू, कोरडा टॉवेल हेही बसल्या हाताला लागतील अशा उंचीवर पाहिजेत. साबण जाळीच्या पिशवीत घालून बादलीच्या कडीला बांध, निसटून फरशीवर गेला की तू त्याच्यामागे वाकणारच. पावलं धुवायला वाकू नकोस, बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेव. पोटामुळे ते जमेनासं झालं की लांब दांड्याचा ब्रश. केस धुताना डोकं पुढे घालायचं आणि मग एकदम वर करायचं नाही. मान जराशी मागे टाकून आईला पाणी घालू दे. आणि आतले कपडे तिथेच उकिडवं बसून घासायची सवय असेल तर ती आता बंद.

फरशीकडे येते. शहाबादी नवी असताना खरखरीत असते, वापराने मधोमध झिजते आणि गुळगुळीत होते. पण खरी घसरण दगडाची नसते, त्यावरच्या थराची असते: साबण, अंगाचं तेल, बोअरच्या पाण्याचे क्षार, आणि कोपऱ्यात शेवाळ. घरी पोहोचलीस की दाराची चौकट धरून, ओल्या फरशीवर टाच जरा घासून बघ. सरकते तिथे थर आहे.

तो काढायला कोणी ॲसिड आणलं तर आणू देऊ नकोस. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर ॲसिड पडलं की फसफसतं, पृष्ठभाग खातं आणि सांध्यातलं सिमेंट भुसभुशीत होतं. चार दिवस फरशी स्वच्छ दिसते, मग त्याच बारीक खड्ड्यांत घाण जास्त बसते. त्याची वाफही तुला नको. त्याऐवजी धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून पसरायचा, दहा मिनिटांनी कडक ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. साबण-तेलाचा थर त्याने निघतो. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर चालते, पण ती दुसऱ्याने टाकावी, खिडकी-दार उघडं ठेवून, आणि त्याच दिवशी कुठलंही ॲसिड नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हे काम तुझं नाही, भावाला लाव.

चोषकाच्या बुडाची मॅट टाइलवर चिकटते, शहाबादीवर आणि सांध्यांवर चिकटत नाही. तिथे वजनानेच बसून राहणारी, भोकांची जाड रबरी मॅट घे, हॉटेलच्या भटारखान्यात असते तशी. ती स्टुलाचे पाय आणि तुझी पावलं दोन्ही मावतील एवढी मोठी असावी, कारण स्टूल मॅटवर आणि पाय बाहेर असं झालं तर उठताना पुन्हा तेच. रोज उचलून उभी वाळत ठेवायची, नाहीतर तिच्याखाली आठवड्यात बुळबुळ धरते. बाहेरचं सुती पायपुसणं आणि झिजलेल्या रबरी चपला, दोन्ही बदल. आणि तेल! माहेरी अंगाला तेल लावायला सगळ्यांचे हात पुढे येतात. लावा, पण तळपायाला अंघोळीच्या आधी नको.

संडासाबद्दल तुझ्या आईला आणि सासूला वेगवेगळी मतं असतील, म्हणून स्पष्ट सांगते. उकिडवं बसणं वाईट नाही. डॉक्टरांनी वार खाली आहे किंवा पिशवीला टाका घातलाय म्हणून मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. अडचण ओल्या पावठ्यांवरून, भरल्या पोटाने, काही न धरता उठण्याची आहे. कमोड खुर्ची मिळते, बाजूला हात असलेली आणि पाय कमी-जास्त करता येणारी. ती भांड्यावर ठेवायची. चारही पाय सपाट फरशीवर आले पाहिजेत, दोन पावठ्यांवर आणि दोन खाली असं झालं की डगमगते, म्हणून आधीच भांड्याभोवतीची जागा मोजून भावाला पाठवायला सांग. उंची स्टुलाच्याच मापाची. लोहाच्या गोळ्यांमुळे जोर करावा लागत असेल तर पायाखाली चार-पाच इंचांचा पाट घे, म्हणजे गुडघे जरा वर येतात. उठण्याआधी तो बाजूला सरकवायचा.

धरायला दांडा बसवायचा असेल तर भिंत बघा. पक्क्या विटांत फास्टनर मारून पोलादी दांडा टिकतो. जुन्या मातीच्या किंवा ढिल्या गिलाव्याच्या भिंतीत तो उपटून येतो, तिथे खुर्चीचे हातच भरवशाचे. चोषकाने चिकटणारे दांडे कुठेच लावू नका.

आता कडकडीत पाणी. आईचा अनुभव खोटा नाही, गरम पाण्याने स्नायू सैलावतात. पण कातडीखालच्या रक्तवाहिन्याही फुगतात. गरोदरपणात रक्तदाब मुळात थोडा उतरलेला असू शकतो, त्यात हे झालं की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्या तीन महिन्यांत अंग बराच वेळ ३९ अंशांच्या वर तापणं बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोक्याचं मानतात. तुझा तो काळ गेला, चक्कर मात्र शेवटपर्यंत लागू आहे. पाणी ३७-३८ अंश ठेव, म्हणजे अंगाइतकंच. कोपर बुडवल्यावर ऊन लागतं, चटका बसत नाही, असं. गीझरचं पाणी ५५ आणि नळाचं २५ धरलं तर १६ लिटरच्या बादलीत सात लिटर गरम आणि नऊ लिटर गार, थंडीत टाकीचं पाणी २० वर आलं की जवळजवळ निम्मं-निम्मं. आधी गार, मग गरम. शिट्टीसारखा आवाज कानात आला, घाम फुटला, तर उठून बाहेर पळायचं नाही. जागेवर बसून राहायचं, डोकं खाली, आणि हाक मारायची.

गॅस गीझरवर मी तडजोड करत नाही. बंद खोलीत तो जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बाळाचं रक्त तो आईपेक्षा जास्त धरून ठेवतं. डोकं जड होणं, मळमळ ही लक्षणं गरोदरपणाचीच समजून सोडून दिली जातात, म्हणून जास्त वाईट. गीझर भिंतीबाहेर नेता येत असेल तर तुझ्या जाण्याआधी नेऊ दे. तोवर दार-खिडकी सताड उघडं ठेवून बादली भरायची, गीझर आणि सिलेंडर बंद करायचं, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची आणि मगच आत जायचं. नळ चालू ठेवून, गीझर पेटता ठेवून अंघोळ नाही, थंडी असली तरी नाही.

कडी आतून लावू नकोस. दार लोटून घे आणि बाहेर टॉवेल टाक, घरात सगळ्यांना कळेल.

इतकं करूनही पडलीस तर, लागलं नाही असं वाटलं तरी, दवाखान्यात जा. पोट घट्ट येणं, दुखणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं यातलं काहीही असेल तर लगेच, रात्र असली तरी. पोटाला मार बसला की वार सुटायला लागल्याचं काही तासांनीही कळू शकतं. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिथे पोहोचल्यावर तो आधी सांग. अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं आणि ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी ते कुठल्या रुग्णालयात मिळतं हे जायच्या आधीच विचारून ठेव, आणि तुझ्या फाईलची एक प्रत आईकडे दे.