चेतापेशीचा संदेश: सुरुवातीच्या दोन चुका

तुमच्या टिपणात चेतापेशी उद्दीपित होताना पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ढकलतो असे लिहिले आहे. ही पहिली चूक. विश्रांत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. तो साधारण उणे ५५ पर्यंत चढला की सोडियमच्या वाहिन्या उघडून सोडियम आपणहून आत शिरतो, आणि पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून स्थिती पूर्ववत होते. पंप केवळ आयनांचा साठा राखतो.

विद्युत स्थितीतला हा बदल, म्हणजे आवेग, चेतापेशीच्या तंतूच्या टोकाशी पोचला की कॅल्शियम आत येते आणि त्यामुळे पुटिका, म्हणजे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, पटलाला जुळून संदेशवाहक रसायन पुढच्या पेशीपर्यंतच्या फटीत सोडतात.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक रसायन जसेच्या तसे परत शोषले जाते असे मानणे. सेरोटोनिन तसे परत घेतले जाते. स्नायूंना संदेश देणारे ॲसिटिलकोलिन मात्र एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन, फटीतच तोडते, आणि त्यातले कोलिन तेवढे परत जाते. आपल्या खान्देशात कपाशीवर ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली, तर हेच विकर बंद पडते: रसायन साचते, घाम व लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि पुढे लुळे पडतात. अशा रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे.