रात्रीचं जेवण कमी केलं, तरी वजन का हटत नाही?

‘मी 41 वर्षांची, बँकेत काउंटरवर असते. वजन 68 किलो, उंची 155 सेंटिमीटर, रक्तातल्या साखरेचा एचबीए1सी 5.9. आठवडा साधारण असा जातो : सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी दोन पोळ्या-भाजी. वेळ दोनची, पण गर्दी असली की तीन वाजतात. दिवसभरात चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर. साडेसहाला हिशेब मिटवून निघताना इतकी भूक लागते की काहीतरी तळलेलं खाल्लं जातं. रात्री साडेनऊला दोन पोळ्या, भात, आमटी. रविवारी उशिरा उठते, त्यामुळे पहिलं खाणं अकराला. रात्रीचं जेवण तीनदा बंद करून पाहिलं, चार दिवसांवर टिकत नाही. अंडी चालतात. कुठे चुकतंय?’

अशा पत्रात बहुतेकांची नजर आधी तळलेल्या पदार्थावर जाते. मी आधी साडेसहापूर्वी किती प्रथिनं पोटात गेली ते मोजते. चहा-बिस्किटांतून सुमारे 3 ग्रॅम, दोन पोळ्या आणि भाजीतून 8, उरलेल्या तीन कपांतल्या दुधातून 5. म्हणजे 16 ग्रॅम. वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम धरलं, तर त्यांची दिवसाची गरज 55 ग्रॅमच्या आसपास जाते. रात्रीचं जेवण आणि ते तळलेलं धरूनही बेरीज 35 वर थांबते. प्रथिनं पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. त्यांच्या दिवसात नेमकी तीच नाहीत, आणि मधली पोकळी साखरेच्या चहाने भरली जाते. चार कपांतली साखर चमचा 5 ग्रॅमचा धरला तर 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. बिस्किटांतली वेगळी.

म्हणून रात्रीच्या जेवणाला पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही, असं ठरलं. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाने रात्रीचं ताट काढून घेतलं, की अकरा वाजता डबे उघडले जातात. त्यांच्या तिन्ही प्रयत्नांचं असंच झालं होतं.

पहिला बदल सकाळचा : निघण्यापूर्वी दोन अंडी आणि एक पोळी. चहा राहिला, साखर दीड चमचा. दुपारच्या डब्यात एक वाटी उसळ आणि एक वाटी दही वाढलं. संध्याकाळी पाचला मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम फुटाणे. हे पाचलाच खायचे. साडेसहाला भुकेने कासावीस झाल्यावर फुटाणे कोणाला हवे असतात?

दुसऱ्याच आठवड्यात डबा अडकला. महिनाअखेर होती, रांग हलेना, आणि उसळ तशीच घरी परत आली. माझ्या मते इथे इच्छाशक्तीचा प्रश्न नव्हता, डब्याचा होता. पोळी-भाजीला बसून खायला पंधरा मिनिटं लागतात, चमच्याने उसळ खायला चार. त्यामुळे डबे दोन झाले : उसळीचा छोटा डबा साडेबाराला, मिळेल त्या फटीत, बाकीचं जेवण आणि दही जेव्हा सुट्टी मिळेल तेव्हा. एवढ्याने तीन वाजेपर्यंतची तडफड गेली.

चहा चारवरून दोनवर आणायला महिना लागला. एकदम सोडला असता तर डोकेदुखी ठरलेली. आधी साखर एक चमच्यावर आली, मग चौथा कप गेला, मग तिसरा. शेवटचा कप चारच्या आत, कारण उशिराच्या चहाने झोप लांबते. जेवणालगत चहा नको एवढंही सांगितलं. त्याने धान्य-भाजीतलं लोह कमी शोषलं जातं.

रविवारचा त्रास वेगळा होता. घरात कोणी उठलेलं नसलं तरी नऊच्या आत अंडी-पोळी, इतकंच ठरलं. रविवारच्या मेजवानीपेक्षा तिच्याआधीची उपाशी सकाळ जास्त नडते. त्या दिवशी ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलं जातं ते बहुधा त्यामुळेच.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आपणहून कळवलं की रात्री भात नकोसा वाटतो. तेव्हा कुठे तो काढला. दोन पोळ्या, आमटी आणि भाजी राहिली. आता दिवसाची बेरीज 54 ग्रॅमच्या घरात येते, आणि बाहेरचं तळलेलं आठवड्यातून एकदा-दोनदा. सहा आठवड्यांनी वजन 66.5 किलो.

एचबीए1सी मात्र लगेच तपासू नका म्हटलं. तो आकडा मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, सहाव्या आठवड्याला त्यात जुना आहारही मोजला जातो. हाच आराखडा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने उचलू नये. तिथे प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतात. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर साखर आणि भात कमी करण्यापूर्वी गोळीचं प्रमाण विचारून घ्यावं, नाहीतर रक्तातली साखर फार खाली जाऊन घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते.