टॅगलाइनमधली यादी काढा

तुमच्या टेलरिंगच्या दुकानासाठी तुम्ही लिहिलेली टॅगलाइन वाचली: ‘शर्ट, पँट, ब्लाउज, ड्रेस, गणवेश, फॉल-पिको, अल्टरेशन करून मिळेल.’ ही यादी झाली, आणि ती प्रत्येक टेलरची असते. ती बोर्डावर खाली बारीक अक्षरांत राहू द्या.

टॅगलाइनसाठी एवढंच शोधा, की जुनी गिऱ्हाइकं परत का येतात? तुम्ही म्हणता, फिटिंगसाठी. मग ‘उत्तम फिटिंग’ लिहू नका, ते कुणीही लिहितं. फिटिंग चुकलं की कपडा उसवावा लागतो, गिऱ्हाइकाचा वैताग तिथेच असतो. म्हणून: ‘शिवलेलं उसवायला नको.’

मात्र आधी वही तपासा. दुरुस्तीला बरेच कपडे परत येत असतील, तर ही ओळ अजिबात लावू नका. नसतील, तर चार जणांना एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. जशीच्या तशी आठवली, तर रंगवायला द्या.