अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे नुसती सही नव्हे

मी सही करून, दोन साक्षीदार घेऊन लिहून दिलं तर ते अ‍ॅफिडेव्हिट होतं का? (चोपडा)

नाही, साक्षीदार दोन घ्या नाहीतर वीस. नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा कोर्टाने नेमलेला अधिकारी, म्हणजे ज्याला शपथ द्यायचा अधिकार आहे त्याच्यासमोर शपथ घेऊन सही करायची असते, आणि तो खाली लिहितो की हा माणूस माझ्यासमोर आला, ओळख पटली, शपथ घेतली. जीव त्या खालच्या दोन-तीन ओळीत असतो. साधा सहीचा कागद फुकट जात नाही, लिहून देणाऱ्यावर तो उलटतो, पण त्यात शपथ नसते.

पाचशेचा स्टॅम्प लागतोच ना? (शहादा)

सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायचं असेल तर नाही, 2004 पासून माफ आहे, साधा कागद चालतो. स्टॅम्पवाला काय सांगतो ते सोडा.

वडील वारले. एजंट म्हणतो बहिणीचं लग्न झालंय, वारसात तिचं नाव टाकू नका, नोटरीकडे पण यायचं काम नाही, सही द्या, शिक्का मी आणतो. चालेल का? (पारोळा)

अजिबात नाही! हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर वेळी डोकं तापतं. लग्न झालं म्हणून मुलगी वारस राहत नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच ती पहिल्या वर्गाची वारस आहे. माझ्याकडे एक केस आली होती, दोन भाऊ, चार एकर कपाशीची जमीन, कागदावर वाक्य होतं "आम्हा दोघांशिवाय कोणी वारस नाही". बहीण सुरतला. तिने सातबारा काढला, मग हरकत घेतली, आम्ही शिक्क्यातला नोंद नंबर धरून नोटरीचं रजिस्टर बघायला मागितलं, तर त्या नंबरावर भलत्याच माणसाचा भाडेकरार! म्हणजे भाऊ कधी समोर गेलेच नव्हते, शपथ झालीच नाही, तो शिक्का मारलेला साधा कागदच होता आणि वर खोटं लिहिल्याची भानगड वेगळी. शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, कोर्टाच्या कामात सात वर्षांपर्यंत, इतरत्र तीन वर्षांपर्यंत शिक्षा. एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही, सही तुमची असते.

आणि बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तरी "मला नको" असं अ‍ॅफिडेव्हिट करून हक्क सुटत नाही, रजिस्टर्ड हक्कसोड पत्र लागतं. आधी नावं सगळी लिहा, मग वकिलाला वारसाचे कागद दाखवा, आणि नोटरीकडे स्वतः आधार घेऊन जा, रजिस्टरमध्ये सही करा.

गावात ऐकलेली गोष्ट अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लिहिता येते का? (साक्री)

स्वतःला माहीत असलेलंच लिहा. ऐकीव लिहायचंच असेल तर कोर्टाच्या अंतरिम अर्जापुरतं, म्हणजे केस चालू असताना निकालाआधी करतात त्या अर्जापुरतं, तेही कोणाकडून कळलं ते वेगळं सांगून. आणि असा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

तहसीलमध्ये स्वघोषणापत्र मागितलं, ते हेच का? (यावल)

नाही, त्यात शपथ नाही, नोटरी नाही, स्वतःची सही पुरते. बरेच दाखले 2015 पासून त्यावर मिळतात. खोटं लिहिलं तर मात्र तिथेही सुटका नाही. कोणत्या दाखल्याला काय लागतं ते खिडकीवर विचारा, बाहेरच्या टपरीवर नको.