रेग्युलेटर टोकाला गेला तरी घड्याळ पुढेच का जाते?

प्रश्न : वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ दिवसाला चार मिनिटे पुढे जात होते. दुकानदाराने आतली दांडी 'S'कडे पार शेवटपर्यंत सरकवली, तरी ते अजून दोन मिनिटे पुढे जातेच. 'जुने मशीन आहे' म्हणतात. ही दांडी नेमके काय करते आणि आता घरी काही करता येईल का?

उत्तर : मी व्यवसायाने घड्याळजी नाही. चावीची जुनी घड्याळे बाळगणारा आणि ती अधूनमधून स्वतः उघडणारा माणूस आहे, त्यामुळे पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे. झाकण कसे उघडायचे, धूळ कशी टाळायची हे सांगत बसत नाही. ते येत नसेल तर झाकण उघडूच नका. पण 'जुने मशीन आहे' हे वाक्य वाचल्यावर राहवले नाही, कारण माझ्या एचएमटी पायलटच्या बाबतीत हेच उत्तर मी पैसे मोजून ऐकले आहे.

आधी दांडीविषयी. बॅलन्सचे चाक पुढे-मागे झुलते ते हेअरस्प्रिंगच्या जोरावर. या स्प्रिंगचे आतले टोक बॅलन्सच्या मधल्या दांड्याला आणि बाहेरचे टोक वरच्या ब्रिजवरच्या एका खुंटीला पक्के बसवलेले असते. खुंटीच्या थोडे अलीकडे ही स्प्रिंग दोन बारीक पिनांच्या फटीतून जाते आणि त्या पिना रेग्युलेटरच्या दांडीला खालच्या बाजूने जोडलेल्या असतात. दांडी हलली की पिना स्प्रिंगवरून सरकतात. पिना जिथे असतील तिथून आतली स्प्रिंगच काय ती काम करते; पिनांपासून खुंटीपर्यंतचा तुकडा जवळजवळ निष्क्रिय राहतो. 'F'कडे गेलात की पिना खुंटीपासून दूर जातात, कामाची लांबी घटते, स्प्रिंग ताठ होते आणि बॅलन्स भराभर झुलतो. 'S'कडे गेलात की उलट घडते. म्हणजे ही दांडी फक्त स्प्रिंगची कामाची लांबी बदलते. मेनस्प्रिंगचा जोर, तेलाची अवस्था किंवा बॅलन्स किती मोठा झोका घेतो यांपैकी कशालाही ती हात लावत नाही.

ही लांबी किती नाजूक असते ते आकड्यांत पाहा. जनतामधले 0231 मशीन तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला 4,32,000. दोन मिनिटे पुढे जाणारे घड्याळ दिवसाला 600 ठोके जास्त देते. झोक्याचा वेळ स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे 720 भागांतला एक भाग वेग कमी करायला लांबी 360 भागांतला एक भाग वाढवावी लागते. हिशेबापुरती स्प्रिंग 100 मिलिमीटरची धरली, तर पिना जेमतेम पाव मिलिमीटर सरकायला हव्यात. म्हणूनच ब्रिजवर कोरलेल्या रेघा म्हणजे मिनिटे किंवा सेकंद नव्हेत. कोणत्या दिशेला गेले की काय होते एवढेच त्या सांगतात.

आता तुमच्या घड्याळाकडे. नीट स्थितीतल्या मशीनचा रेग्युलेटर मध्याच्या आसपास ठेवून वेळ जुळायला हवी. तो टोकाला जाऊनही घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल, तर दोष दांडीने सुटणारा नाही. बहुतेक वेळा स्प्रिंगची कामाची लांबी दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने कमी झालेली असते. माझ्या पायलटमध्ये ते कारण चुंबकत्व होते. चुंबकत्व शिरले की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना खेचतात, काही ठिकाणी चिकटतात, आणि चिकटलेला भाग कामातून बाद झाल्याने घड्याळ पुढे पळू लागते. घड्याळ रात्री ज्या टेबलावर ठेवत होतो, तिथे शेजारीच स्पीकर होता. हल्ली फोनच्या कव्हरचे चुंबकी बंद, टॅबलेटची झाकणे आणि इअरफोनच्या डब्या हेच काम अधिक सफाईने करतात.

इथे थोडी भडास काढतो, कारण या प्रकारात सर्वांत जास्त नुकसान चुंबकाने केले नाही, दुकानाने केले. दुकान नावाजलेले होते, काउंटर काचेचा आणि काम चालते ती खोली पडद्यामागे. घड्याळ सर्व्हिसिंगला दिले, पावतीवर 'वेळ जुळवली' असे लिहून परत आले आणि पुन्हा पुढे पळू लागले. परत नेले, तर पुन्हा सर्व्हिसिंगचे पैसे घेतले. नेमके काय केले असे विचारल्यावर मिळालेले उत्तर तुम्हाला माहीतच आहे. पुढे एका गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळजींनी माझ्यासमोर झाकण उघडले आणि भिंग माझ्या हातात दिले. दांडी 'S'च्या टोकाला टेकलेली होती, तिच्या शेपटाजवळ ब्रिजवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचा चकचकीत ओरखडा होता, आणि दोन पिनांपैकी एक आत वाकवून स्प्रिंग चिमटीत धरल्यासारखी दाबली होती. त्यांनी शेजारी साधे होकायंत्र ठेवले, घड्याळ जवळ नेताच सुई भसकन वळली. चुंबकत्व उतरवायला काही सेकंद लागले. त्यानंतर तेच घड्याळ दिवसाला दोन मिनिटांहून जास्त मागे पडू लागले, कारण दांडी अजून टोकालाच होती. दांडी मध्याजवळ आणल्यावर वेळ जुळली. खरी मेहनत लागली ती वाकवलेली पिन सरळ करायला. दाम घेऊन दुरुस्तीच्या नावाखाली नवा बिघाड करून देणे याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा पहिले काम होकायंत्राचे. घड्याळ चालू असताना होकायंत्राच्या शेजारी हळूहळू फिरवा. काही मॉडेलांची केस किंवा मशीनचे पोलादी भागही सुईला थोडेसे खेचतात, त्यामुळे किंचित हालचालीवरून निष्कर्ष काढू नका. पण सुई थरथरत किंवा झटक्याने वळत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. फोनमधले होकायंत्र मात्र याला वापरू नका, कारण फोनच्या स्पीकरमध्ये स्वतःच चुंबक असतो. चुंबकत्व उतरवायचे छोटे निळे यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळते. बटण दाबून धरायचे, घड्याळ सावकाश हातभर दूर न्यायचे आणि मगच बटण सोडायचे. घड्याळ यंत्रावरच असताना बटण सोडले तर चुंबकत्व उतरण्याऐवजी बसूही शकते. बटण फार वेळ दाबून ठेवले की आतली कॉइल तापते, हेही लक्षात असू द्या.

त्यानंतर घड्याळ मागे पडू लागले तर घाबरू नका, तीच चांगली खूण आहे. काहीच फरक पडला नाही तर भिंगातून हेअरस्प्रिंग बघा. वेढे सगळीकडे सारख्या अंतराने फुलायला आणि मिटायला हवेत. एका बाजूला दोन वेढे लागत असतील तर तेल सांडून ते चिकटले असतील किंवा स्प्रिंग वाकली असेल, आणि हे काम घरचे नव्हे. वेढे निर्दोष दिसत असतील तर आणखी एक शक्यता उरते. जुन्या एचएमटींची बाजारात इतकी उलाढाल झाली आहे की एका मशीनचा बॅलन्स दुसऱ्यात बसवलेला सहज आढळतो. चाक आणि स्प्रिंग ही जोडी एकमेकांसाठी जुळवलेली असते. दोन्ही वेगळ्या घरची असली की रेग्युलेटरची सगळी धाव संपली तरी वेळ जुळत नाही.

दांडी हलवायची वेळ आली की आधी ती मध्याजवळ आणा आणि पूर्ण चावी देऊन घड्याळ एक दिवस चालू द्या. फोनवरच्या टाइमग्राफर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये वेग सेकंदांत आणि झोक्याचा कोन अंशांत दिसतो. फोनच्या मायक्रोफोनवरून मिळणाऱ्या वेगाच्या आकड्यावर मी बराच विश्वास ठेवतो, कोनावर कमी. तरीही पूर्ण चावीनंतर, तबकडी वर असताना, कोन सातत्याने 200 अंशांच्या खाली दिसत असेल तर आधी सफाई आणि तेल करून घ्या. सुकलेल्या तेलावर केलेली जुळवणी सर्व्हिसिंगनंतर पुन्हा विसकटते.

हलवताना दांडीच्या शेपटालाच, लाकडी काडीने, अगदी नुसता स्पर्श झाल्यासारखे ढकला. स्प्रिंगला काडी लागू देऊ नका. काही मशीनमध्ये शेजारी दुसरी दांडी असते, जी खुंटी हलवते. तिला हात लावलात तर दोन्ही बाजूंच्या टिकटिकीतला समतोल बिघडतो. दोन दांड्या दिसल्या तर 'F' आणि 'S' या खुणांसमोर फिरणारी कोणती, याची खात्री होईपर्यंत थांबा. हलवल्यावर लगेच आकडा बघून पुन्हा ढकलण्याचा मोह होतो. तो टाळून एक दिवस घड्याळ वापरावे आणि दररोज ठरावीक वेळी चावी देऊन फरक लिहून ठेवावा.

शेवटची मर्यादा अशी की दांडी सगळ्या स्थितींचा वेग जवळपास सारखाच सरकवते. समजा तबकडी वर असताना घड्याळ 40 सेकंद पुढे आणि चावी खाली असताना 10 सेकंद पुढे आहे. 25 सेकंदांनी मागे आणले तर ते 15 पुढे आणि 15 मागे होईल, पण मधला 30 सेकंदांचा फरक तसाच राहील. तो फरक बॅलन्सच्या तोलाचा आणि पिनांमधल्या फटीचा असतो. फट रुंद असेल तर झोका लहान झाल्यावर स्प्रिंग पिनांना पुरेशी टेकत नाही, आणि सकाळी चावी दिल्यावर ठीक चालणारे घड्याळ रात्री मागे पडते. फट घरी कमी करायला जाऊ नका. माझ्या पायलटची पिन अशाच कुणाच्या तरी कल्पकतेने वाकली होती. त्याऐवजी रात्री घड्याळ कोणत्या अंगावर ठेवायचे ते बदलून पाहा. दिवसभर मनगटावर थोडे पुढे जाणारे घड्याळ ज्या स्थितीत मागे पडते त्या स्थितीत रात्रभर ठेवले, तर दोन्हींची बरीचशी फिटंफाट होते.