स्वतःचाच सेमिनार पेपर डेझर्टेशनमध्ये घेताना काय आणि कुठे लिहायचं

प्रश्न: एम.ए. इतिहासाच्या तिसऱ्या सेमिस्टरला पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगवर सेमिनार पेपर दिला होता. त्यातला बराच मजकूर आता डेझर्टेशनच्या दुसऱ्या प्रकरणात येतोय. लिखाण माझंच आहे, मग ते वाङ्मयचौर्य कसं? आणि सांगायचं तर कुठे?

उत्तर: मजकूर तुमचाच आहे, पण त्याचे गुण तुम्हाला एकदा मिळालेत. परीक्षक ते प्रकरण डेझर्टेशनसाठी नव्याने केलेलं काम समजून वाचणार. आक्षेप आहे तो इथे. त्यामुळे वाक्यं फिरवून लिहिण्याचा उपयोग नाही. त्याने सॉफ्टवेअर चुकेल, पण एकाच कामाचे दोनदा गुण घेणं काही टळत नाही.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतून असाइनमेंट आणि टर्म पेपर वगळलेत, त्यावर विसंबून मुलं निर्धास्त राहतात. पण डेझर्टेशन त्या नियमांत येतंच. अप्रकाशित पेपर किती घेऊ द्यायचा हे बहुधा विभाग ठरवतो, म्हणून प्रकरण लिहायला बसण्याआधी गाईडना ईमेल करा, सोबत जुना पेपर जोडा आणि लेखी होकार घ्या.

मग प्रकरणाच्या पहिल्याच पानावर तळटीप द्या. समजा, घरझडत्यांचा भाग जवळजवळ जसाच्या तसा घेतलाय आणि वृत्तपत्रांवरचा भाग नव्याने लिहिलाय, तर:

«या प्रकरणातील २.२ हा भाग मी एम.ए. सत्र ३ मध्ये सादर केलेल्या अप्रकाशित सेमिनार पेपरमधून किरकोळ बदलांसह घेतला आहे. २.३ मधील मांडणी त्याच पेपरवर आधारित असून नवी साधने वापरून वाढवली आहे. २.१ आणि २.४ नवे आहेत.»

नुसतं ‘काही भाग पूर्वी सादर केला आहे’ असं मोघम लिहू नका. नवं काय, जुनं काय, हे परीक्षकाला त्यावरून कळत नाही. संदर्भसूचीतही तो पेपर अप्रकाशित म्हणून द्या.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते प्रतिज्ञापत्राकडे. ‘या प्रबंधाचा कोणताही भाग यापूर्वी सादर केलेला नाही’ असं छापील वाक्य त्यात असेल, तर तुमच्या बाबतीत ते खोटं ठरतं आणि खाली सही तुमची असते. ‘प्रकरण २, तळटीप १ मध्ये नमूद केलेला भाग वगळता’ एवढे शब्द त्यात घाला. ऑफिस नमुना बदलू देत नसेल, तर गाईडच्या सहीचं वेगळं पान जोडा.

जुना पेपर तेव्हा टर्निटिनमध्ये साठवला गेला असेल, तर अहवालात तो विद्यार्थ्याचा पेपर म्हणून जुळेल. १५,००० शब्दांच्या डेझर्टेशनमध्ये १,८०० शब्द तसेच असतील तर त्यांचेच १२ टक्के होतात, आणि यूजीसीची मर्यादा १० टक्क्यांची आहे. तो स्रोत गाळून दुसरा अहवाल काढायचा का, हे गाईडना ठरवू द्या आणि दोन्ही अहवाल फाइलला लावा.